पावणेतीन वर्षांच्या मुलाला वेगळ्या गादीवर झोपायची सवय कशी लावावी?

घोडबंदर_रोडकर
नमस्कार मंडळी. मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे आणि आमच्याच पलंगावर झोपतो. झोपताना त्याला माझ्या कानाची पाळी हातात लागते. ती चुरगाळत चुरगाळत साडेदहा-पावणेअकराला झोपतो. पुन्हा दोन-तीनच्या सुमाराला अंधारात हात माझ्या तोंडावरून फिरतो, कान सापडला की झोप लागते, नाही सापडला की भोकाड. शिवाय पलंगावर आडवा झोपतो, डोकं माझ्या पोटाशी आणि पाय नवऱ्याच्या बरगडीत. नवरा महिनाभरापूर्वी हॉलमधल्या दिवाणावर स्थलांतरित झाला.

ऑक्टोबरमध्ये दुसरं बाळ येणार आहे, त्यामुळे आता हे सुटायला हवं. भावाने हौसेने गाडीच्या आकाराचा पलंग घेऊन दिलाय, तो सासूबाईंच्या खोलीत ठेवलाय (टूबीएचके आहे, दुसरी खोली त्यांची). दिवसा त्यावर उड्या मारतो, रात्री पाठसुद्धा टेकत नाही. रडवून झोपवणं मला जमणार नाही. सुरुवात कुठून करावी? आणि बाळ आलं म्हणून आपल्याला बाहेर काढलं असं तर नाही ना वाटणार त्याला?

रात्रपाळी_राजा
दिवाणावरच्या सर्व बंधूंतर्फे तुमच्या मिस्टरांना नमस्कार. आमच्या दिवाणाची लांबी साडेपाच फूट आणि माझी पावणेसहा.

पारसिक_बोगदा
एक मूलभूत शंका. वेगळं झोपवायची एवढी घाई कशाला? आम्ही कळव्याच्या चाळीत पाच जण एका खोलीत ओळीने झोपायचो, कुणाच्या अंगावर कुणाचा पाय हे सकाळीच कळायचं. कुणाचं काही अडलं नाही. ही 'प्रत्येकाला आपली खोली' भानगड बिल्डरांनी आणली, मोठे फ्लॅट खपवायला.

नेरुळची_नीरजा
पारसिक, तुमच्या ओळीत प्रत्येकाची गादी वेगळी होती की नाही? मग झालं तर. धागाकर्ती वेगळी खोली मागतच नाहीये.

आमचा अनुभव: तीन रात्री दार लावून घेतलं, रडली, चौथ्या रात्री झोपली. ऐकायला क्रूर वाटतं पण एकदाच काय तो त्रास.

घोडबंदर_रोडकर
नीरजा, तुमची तेव्हा केवढी होती?

नेरुळची_नीरजा
दहा-अकरा महिन्यांची. कठडेवाल्या पाळण्यात.

वाशी_पाळणाघर
मी बरीच वर्षं वाशीत पाळणाघर चालवलं, आता सून चालवते. दुपारी दहा-बारा मुलं एका खोलीत झोपवायची हाच धंदा, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी नीरजाताईंच्या उपायाबद्दल. मूल कठड्याच्या आत असतं तेव्हा रडून रडून तिथेच झोपतं. पावणेतीन वर्षांचं मूल उठून चालत येतं. मग एकतर दाराला कडी घालावी लागते, जी मी कुणालाही घालू देणार नाही, नाहीतर रात्रभर पकडापकडी. त्यामुळे तो उपाय इथे लागूच होत नाही, क्रूर की प्रेमळ हा वाद नंतरचा.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडे अशी पुष्कळ मुलं आली जी घरी आईच्या वेणीला धरून झोपायची. माझ्याकडे चटईवर, वेणीशिवाय, मुकाट झोपायची. आया दारात उभ्या राहून बघायच्या आणि त्यांना राग यायचा! जादू काही नव्हती. मुलाला झोप लागताना आजूबाजूला जे असतं तेच त्याच्या लेखी झोपेचं सामान. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून चटई, मंद पंखा आणि पाठीवर दोन थापट्या एवढंच सामान होतं.

रात्री झोप एकसलग नसते. तासा-सव्वा तासाने ती उथळ होते, मूल जरा चाळवतं, सगळं सामान जागच्या जागी असेल तर पुन्हा झोपतं. सुरुवातीचे काही तास झोप गाढ असते म्हणून बारापर्यंत तुम्हाला काही जाणवत नाही. दोननंतर उथळ झोपेचा वाटा वाढतो आणि तुमच्या लेकाला सामानातली एक वस्तू कमी दिसते, ती म्हणजे तुमचा कान. म्हणून तीन वाजता काय करायचं हा प्रश्न तुम्ही साडेदहालाच सोडवायचा असतो. तो कानाशिवाय झोपायला शिकला की तीनचं उठणं बरंचसं आपोआप कमी होतं.

तेव्हा गाडीवाला पलंग तूर्त विसरा. सासूबाईंची खोली, नवा पलंग आणि कान नाही, असे तीन बदल एकदम झाले. एका वेळी एकच. तीन बाय सहाची साधी गादी तुमच्याच खोलीत, पलंगाला चिकटून जमिनीवर टाका. उशी-चादर त्याचीच जुनी, न धुतलेली. आणि एक महत्त्वाचं: गादी नवऱ्याच्या बाजूला टाका, तुमच्या नाही. मिस्टरांना दिवाणावरून परत बोलवा. तीन वाजता जो हात खाली जाईल तो त्यांचा असू दे. ऑक्टोबरनंतर तुमचे दोन्ही हात बाळाकडे असणार आहेत.

पुढचं उद्या लिहिते, डोळे दुखतात मोबाइलवर.

रात्रपाळी_राजा
'मिस्टरांना दिवाणावरून परत बोलवा' हे वाक्य प्रिंट काढून फ्रिजवर लावण्यात येत आहे.

ऐरोली_सेक्टर_आठ
सोपं उत्तर: दुपारची झोप बंद करा. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत दोन तास पळवा. रात्री नऊला ठार.

वाशी_पाळणाघर
ऐरोली, अर्धं बरोबर आहे. बाग हवीच. पण या वयाच्या बहुतेक मुलांना दुपारची झोप लागते. दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप तीन वर्षांच्या आसपास लागतेच. दुपारची अचानक तोडली तर मूल संध्याकाळी सात वाजता किरकिर करतं, बसमध्ये, जेवताना, कुठेही पेंगतं, आणि अति दमलेलं मूल रात्री जास्त उठतं. तोडायची नाही, आवरायची. साडेतीनच्या पुढे झोपू द्यायचं नाही. साडेचार-पाचपर्यंत झोपणारा मुलगा साडेदहाच्या आधी डोळा मिटणार नाही, मग तुम्ही काहीही करा.

घोडबंदर ताई, तुमचा दुपारी किती वाजता उठतो?

घोडबंदर_रोडकर
काकू, पकडलंत. पाच. सासूबाईंचाही तेव्हाच डोळा लागलेला असतो, दोघं एकदम उठतात आणि चहा-बिस्किट घेतात.

कोपरखैरणे_नवीन_आई
छान धागा! आम्हालाही हेच करायचंय. माझी नऊ महिन्यांची आहे. खाली गादी टाकून बाजूने लोड आणि उशा लावल्या तर चालेल ना? आणि पातळ दुलई?

वाशी_पाळणाघर
नाही हो बाई, थांबा. वर लिहिलंय ते मोठ्या मुलांचं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आजूबाजूला लोड, उशी, दुलई, मऊ खेळणी काहीही नको. तोंडावर आलं तर ते बाजूला सारायची ताकद त्याच्यात नसते. तुमच्याच खोलीत पण वेगळ्या, कडक आणि सपाट गादीवर, उताणं. बाकी डॉक्टरांना विचारा.

आणि पारसिकदादा, तुमच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. कुणाची झोप मोडत नसेल तर मूल पाच वर्षांपर्यंत आईबापाजवळ झोपलं म्हणून माझं काही म्हणणं नाही. पण इथे नवं बाळ येतंय. तीन वर्षांचं मूल झोपेत लोळतं, पाय टाकतं, त्याला भान नसतं. तान्हं आणि हे एका पलंगावर नकोच.

पारसिक_बोगदा
हे पटलं. बिल्डरांबद्दलचं मत मात्र कायम.

आजी_तीन_नातवंडांची
सगळं वाचलं. पण मूल अर्ध्या रात्री रडत असताना घरातल्या म्हातारीने काय भिंतीकडे तोंड करून पडायचं? मी तर उचलते. नातू माझ्या कुशीत दोन मिनिटांत झोपतो. सुनेला वाटतं मी तिची शिस्त मोडते. माझ्या मते ती नसती भानगड उभी करते.

नेरुळची_नीरजा
आजी, राग मानू नका, पण तुम्ही दोन मिनिटांत झोपवता आणि सून पुढचे दोन तास जागते.

आजी_तीन_नातवंडांची
मग माझ्याकडेच झोपू द्या ना त्याला. कुणी विचारतच नाही.

वाशी_पाळणाघर
आजींचं म्हणणं मला तरी वावगं वाटत नाही. आजीजवळ झोपणं हाही एक मार्ग आहे, पुष्कळ घरांत चालतो. फक्त मग रोज आजी. सोमवारी आई, मंगळवारी रडला म्हणून आजी, असं झालं की मूल रडून बघतं आज काय मिळतंय ते.

आता राहिलेलं. झोपण्याआधी अर्धा तास ठरलेला क्रम: दात, शू, अंगावर सुती कपडे, दोन गोष्टी, दिवा बंद. टीव्ही आणि मोबाइल त्याआधीच बंद. आणि हा क्रम त्याच्या खऱ्या झोपेच्या वेळेला सुरू करायचा. तो आता साडेदहाला झोपतो ना, मग दहाला सुरू करा. साडेआठला अंधार करून बसलात तर दोन तास तो पाणी मागेल, शू म्हणेल, आणि गादी म्हणजे भांडणाची जागा हे त्याच्या डोक्यात बसेल. आधी गादीवर लवकर झोप लागू दे, मग तीन-चार दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे आणा. दुपारची झोप साडेतीनला आवरली की हे जमतं.

पहिले काही दिवस तुम्ही गादीशेजारी चटईवर बसा. त्याच्या गादीवर आडव्या होऊ नका. बहुतेक आया इथेच अडकतात. गादीवर झोपवतात, तो झोपला की हळूच उठून पलंगावर जातात. तीन वाजता त्याच्या शेजारची जागा रिकामी, म्हणजे सामान पुन्हा कमीच.

कानाचं असं करा. कान द्यायचा नाही, हात द्यायचा. हाताबरोबर तुमच्या जुन्या सुती ओढणीचा तुकडा, रुमालाएवढा. रडेल, चिडेल, तुम्ही तिथेच बसलेल्या असाल, पाठीवर थापटा. हातावर झोपू लागला की हात फक्त गादीवर ठेवायचा. मग हात काढून नुसतं शेजारी. मग पायथ्याशी. मग दाराजवळ खुर्ची. प्रत्येक पायरीवर तीन-चार रात्री, अडला तर तिथेच थांबा, पण मागे जाऊ नका.

रात्री उठून आला की दिवा नाही, गप्पा नाहीत, रागावणं नाही. हात धरून परत गादीवर, आणि त्या आठवड्यात त्याला झोपवताना तुम्ही जिथे बसता तिथेच बसायचं. हे मिस्टरांनी करायचं. कान चाचपायला गेला तर तिथे दाढी लागेल, तेही बरंच.

रात्रपाळी_राजा
दाढीचा असा उपयोग कुठल्या जाहिरातीत नाही.

ऐरोली_सेक्टर_आठ
नापासाचा शेरा मिळाला असला तरी एक कामाचं सांगतो, एसीचं काम करतो म्हणून. थंड हवा खाली बसते. पलंगावर चोविसात तुम्हाला बरं वाटतं तेव्हा जमिनीवरचं मूल जास्त गारठतं, आणि पांघरूण तर ही पोरं दहा मिनिटांत लाथाडतात. पहाटे तीन-चारला उठतो तो आईसाठीच असं नाही, थंडीनेही उठतो. हातपाय बघू नका, ते गारच असतात. मानेमागे कपड्याच्या आत बोट घालून बघा. तिथे गार लागलं तर एसी सव्वीस-सत्तावीसवर, पंखा हळू, आणि झोत गादीवर येत नाही ना ते बघा. पूर्ण बाह्यांचा पातळ सुती कपडा घाला, म्हणजे पांघरुणाचं भांडणच नको.

दुसरं, पावसाळा आहे. फरशीवर सलग ठेवलेल्या गादीखाली आठवड्याभरात ओल धरते, मग काळे ठिपके. सकाळी गादी भिंतीला उभी करा. जमलं तर खाली फटी असलेली बुटकी लाकडी चौकट.

मानपाडा_मीच_ती
+१. आमची गादी उलटी केली तेव्हा खालून नकाशा निघाला, बुरशीचा. मूल महिनाभर शिंकत होतं. शिवाय छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी लावा, खाली डास जास्त. आमच्याकडे तिला 'तंबू' नाव पडलं आणि लेक स्वतःहून आत जायला लागला.

पलंगच घ्यायचा असेल तर एक सूचना. बाजूला लावायचे ते कठडे मिळतात, ते दोन वर्षांच्या आतल्या मुलांना लावू नका, आणि गादी व कठडा यांत फट राहू देऊ नका. पलंग आणि भिंतीमधली फटही तशीच. मूल तिथे घसरून अडकतं. पलंग भिंतीला चिकटून तरी असावा नाहीतर चांगला फूटभर लांब. आणि रात्री एकटं उठणारं मूल खोलीत असेल तर कपडे ठेवायचं कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं करा. खण उघडून चढतात.

सानपाडा_डबलफास्ट
विषयांतर होतंय, पण आमची लेक वेगळं झोपवल्यापासून रात्री अकराच्या सुमाराला किंचाळत उठते. डोळे उघडे, घामाघूम, मला ढकलते, ओळखतच नाही. दहा मिनिटांनी पुन्हा झोपते, सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही. घाबरली असेल का? पुन्हा जवळ घेऊ?

वाशी_पाळणाघर
वाईट स्वप्न पडलं तर मूल जागं होतं, आईला चिकटतं, सांगतं, आणि ते बहुधा पहाटेकडे होतं. तुमचं वर्णन दुसरंच वाटतं. झोप लागल्यावर दोन-तीन तासांत, गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येताना होतं ते. तिला हलवून जागं करायला जाऊ नका, जास्त बिथरते. शेजारी बसा, पडणार-आपटणार नाही एवढं बघा. झोप कमी झाली की हे वाढतं, म्हणून ती हल्ली उशिरा झोपते का ते बघा. अंग ताठ होणं, एका बाजूचे झटके, किंवा रात्रीत अनेकदा झालं तर डॉक्टर. मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

सानपाडा_डबलफास्ट
उशिरा झोपते हे खरं. नव्या गादीच्या आनंदात अकरा वाजवते. बघते.

घोडबंदर_रोडकर
मंडळी, मधे बरेच दिवस गेले, म्हणून खबर देते.

गादी नवऱ्याच्या बाजूला टाकली. दुपारची झोप सासूबाईंनी मनावर घेतली, साडेतीनला कुकरची शिट्टी लावतात. पहिल्या रात्री कान मागून मागून रडला, मी हात दिला, तो त्याने ढकलला, मग स्वतःच धरला. ओढणीचा तुकडा फेकून दिला. चार-पाच दिवसांनी सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा काठ त्याला सापडला. त्या काठाची कड तो आता दोन बोटांत धरून चुरगाळतो, अगदी कान चुरगाळायचा तसाच. ओढणी मऊ पडत होती बहुतेक, त्याला कड लागत होती.

मधे एकदा सगळं छान चाललं असताना अचानक पहिल्यापेक्षा वाईट रात्री आल्या. तासातासाला वर चढायचा. काकूंना व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, त्या म्हणाल्या, सुटत आलेली सवय एकदा जोर करून बघते, आज वर घेतलंत तर उद्या याच्यापेक्षा जास्त जोर लागतो हे तो शिकेल. नवऱ्याने निमूट परत नेऊन ठेवला, पुन्हा पुन्हा. ते ओसरलं. मग ताप आला, तेव्हा मात्र जवळ घेतला.

सध्या मी पायथ्याशी बसते, सव्वानऊपर्यंत झोपतो. पहाटे चारला अजून अधूनमधून येतो. दाराजवळच्या खुर्चीपर्यंत अजून गेले नाही.

दोन प्रश्न उरलेत. शाळा जूनमध्ये सुरू झाली, रात्रीचा डायपरही आताच सोडवू का? आणि गणपतीत गुहागरला माजघरात सगळे ओळीने झोपतात, तिथे काय करू?

वाशी_पाळणाघर
तापात जवळ घेतलं ते बरोबरच. बरा झाल्यावर एक पायरी मागून सुरू करा, पहिल्यापासून नको.

डायपर आता नको. रात्रीचं कोरडं राहणं शिकवून येत नाही, शरीराची तयारी लागते. सकाळी डायपर सलग कोरडा निघू लागला की बघा. ओल्या गादीने पहाटे उठवलं तर सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः.

गावाला ओळीत झोपू दे, पण त्याची चादर आणि तो काठ बरोबर न्या, आणि शेजारी नवऱ्याला झोपवा. मुलांना घर आणि गाव यातला फरक कळतो. परत आल्यावर पहिल्याच रात्री आपल्या गादीवर.

आणि बाळ यायच्या आधी महिनाभर नवं काहीही सुरू करू नका. तोवर खुर्ची दारापर्यंत गेली तर गेली, नाहीतर पायथ्याशीच राहू दे, तिथे नवऱ्याने बसायचं. बाळाला त्याची जुनी चादर देऊ नका, निदान त्याच्यादेखत.

पारसिक_बोगदा
बाहेर काढल्यासारखं वाटेल का, या मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही.

नेरुळची_नीरजा
वाटेलही. माझ्या मोठीला वेगळी झोपायला लागून वर्ष झालं होतं तरी धाकटा आल्यावर महिनाभर येऊन आमच्या पायाशी झोपायची. आम्ही तिथे एक उशी टाकून ठेवली होती.

वाशी_पाळणाघर
तेही चालतं, बाळ वेगळ्या गादीवर असेल तर. फक्त पायाशी, बाळाकडच्या बाजूला नाही.

आजी_तीन_नातवंडांची
नऊवारीचा काठ माझ्याकडेही आहे. सुनेला दाखवते हा धागा.

रात्रपाळी_राजा
गादी कितीला पडली आणि ठाण्यात कुठे मिळते? आमच्याकडे ठराव मंजूर झालाय, उद्याच आणायची आहे.

घोडबंदर_रोडकर
विकत घेतली नाही. घरातली जुनी कापसाची होती, नौपाड्यात पिंजून नवीन खोळ घालून घेतली. चार इंचांपेक्षा जाड नको सांगा, आणि घट्ट भरायला सांगा, मऊ केली की मूल मधल्या खड्ड्यात जाऊन बसतं.